मल्टीग्रेनच्या पोळ्या मऊ का राहत नाहीत?

> "फायबरसाठी मल्टीग्रेन पीठ घेतलं, पण डब्यातल्या पोळ्या दुपारी कडक होतात. मैदा मिसळू का?"

मैदा नको. त्यात १०० ग्रॅममागे फायबर जेमतेम ३ ग्रॅम, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११ च्या आसपास. गंमत म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणीतही साधारण १० ते ११ च असतं, म्हणजे ती मिसळून फायबर फारसं वाढत नाही. हरभऱ्याने थोडं वाढतं.

कडकपणाचं कारण म्हणजे कमी पडणारं ग्लुटेन. वरच्या धान्यांपैकी ते फक्त गव्हात आहे. बाकीची धान्यं वाढली की पोळी लाटताना कडेला चिरते आणि गार झाल्यावर मोडते. मैद्याची पोळीसुद्धा गरम असताना मऊ, गार झाली की चिवट लागते.

नाशकात कोपऱ्याकोपऱ्यावर गिरणी आहे, तर दळण स्वतःच द्या. ५ किलोला ४ किलो २५० ग्रॅम लोकवन गहू, ५०० ग्रॅम हरभरे, २५० ग्रॅम नाचणी. बाजरी यात घालू नका, तिचं पीठ लवकर कडवट होतं. तिची भाकरीच करावी. पीठ चाळलंत तर कोंड्याबरोबर फायबरही जाईल. कणीक नेहमीपेक्षा सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा, कोंडा पाणी सावकाश ओढतो. तरीही कडा चिरल्या तर पुढच्या दळणात नाचणी निम्मी करा.

खर्चाचं म्हणाल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा. बऱ्याच मल्टीग्रेन पिठांत नव्वद टक्क्यांच्या आसपास गहूच असतो, आणि भाव मात्र साध्या आट्यापेक्षा चढा.