मदत हवी आहे: १४४० पी मॉनिटर आणि नवं ग्राफिक्स कार्ड, रायझन ३६०० पुरेल का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. पीसी असा आहे: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर आणि १०८० पी, ७५ हर्ट्झचा मॉनिटर. आता एका मित्राकडून आरटीएक्स ४०७० सुपर मिळतंय, सोबत २५६० बाय १४४० चा १६५ हर्ट्झ मॉनिटर घ्यायचं डोक्यात आहे.

अडचण अशी की प्रत्येक जण वेगळं सांगतोय. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं तर म्हणाले, या प्रोसेसरवर हे कार्ड म्हणजे पैसे पाण्यात, बोर्ड-रॅमसकट सगळं बदला. बॉटलनेक किती आहे ते सांगणाऱ्या एका वेबसाइटवर दोन्ही नावं टाकली तर लाल अक्षरात टक्केवारी आली. आणि मित्र म्हणतो १४४० पी वर प्रोसेसरचा काही संबंधच उरत नाही.

खेळतो सायबरपंक २०७७, एल्डन रिंग आणि रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट. कोणाचं खरं मानू? आणि पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी हे तपासता येतं का?

चिपळूणचा_बाळ्या
मित्र बरोबर बोलतोय. रिझोल्यूशन वाढलं की सगळा भार कार्डावर जातो. माझा आय५ ९४००एफ आहे, त्यावर ४०७०, १४४० पी. ॲलन वेक २ मध्ये कार्ड सतत ९९ टक्के चालतं. बिनधास्त घे.

रोहन_ठाणे
माझा पण सेम इश्यू. आरएक्स ६६०० आहे, १०८० पी वर व्हॅलोरंटमध्ये कार्डाचा वापर ४५ टक्क्यांच्या वर जातच नाही. कार्ड खराब आहे का? वॉरंटीत देऊ का?

अनुजा_के
रोहन, एफपीएस किती येतायत ते सांग, मग बोलू.

गोदाकाठ, त्या वेबसाइटचा आकडा सोडून दे. तिला तू कोणता गेम, कोणत्या सेटिंगला, कोणत्या जागी खेळतोस हे माहीत नसतं, आणि सगळं त्यावरच ठरतं. मी गेम टेस्टिंगमध्ये काम करते. आमच्याकडे हे असं बघतात.

प्रत्येक फ्रेमसाठी दोन कामं होतात. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभं आहे, गर्दीतली माणसं कुठे चालली आहेत, काय काय काढायचं आहे. मग कार्ड ते चित्र काढतं. तू १०८० पी वरून १४४० पी वर गेलास की पिक्सेल २०.७ लाखांवरून ३६.९ लाखांवर जातात, म्हणजे कार्डाचं काम पावणेदोन पटीच्या आसपास वाढतं. पण गर्दीतली माणसं तेवढीच राहतात, त्यामुळे प्रोसेसरचं काम जवळजवळ तेवढंच असतं. म्हणून प्रत्येक गेममध्ये तुझ्या प्रोसेसरचा एक कमाल एफपीएस असतो आणि रिझोल्यूशन बदलून तो फारसा हलत नाही. कार्डाचा कमाल एफपीएस मात्र रिझोल्यूशनप्रमाणे खालीवर होतो. स्क्रीनवर दिसतो तो या दोनपैकी जो कमी असेल तो.

बाळ्या, ॲलन वेक २ कार्डाला फार जड आहे, तिथे तुझं म्हणणं पूर्ण खरं आहे. तोच पीसी घेऊन बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकात शहरात शीर आणि कार्डाचा वापर बघ. मॉनिटर तोच असेल, तरी चित्र वेगळं दिसेल.

आता गोदाकाठ, प्रोसेसरची मर्यादा तुला आजच, जुन्या कार्डावरच मोजता येते. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर टाकून कार्डाचा वापर आणि एफपीएस स्क्रीनवर आण. सायबरपंकमध्ये रिझोल्यूशन १२८० बाय ७२० कर, सावल्या वगैरे खाली आण, पण `Crowd Density` तू नेहमी ठेवतोस तीच ठेव. तो प्रोसेसरचा भार आहे, तो कमी केलास तर मोजणीला अर्थ राहणार नाही. मग गेममधल्या बेंचमार्कवर न थांबता गर्दीच्या बाजारातून दोनेक मिनिटं चाल. कार्डाचा वापर ९९ वरून बराच खाली आला, तर जो एफपीएस दिसतोय तो प्रोसेसरचा.

गोदाकाठ
ताई, खूप आभार, असं कोणी सांगितलंच नव्हतं. लगेच करून बघितलं. ७२० पी वर सरळ ७५ एफपीएस, कार्ड ५० टक्के. म्हणजे माझा प्रोसेसर ७५ वर अडतो?
पण एक कळत नाहीये, प्रोसेसरचा वापर तर जेमतेम ४० टक्के दिसतोय. मग तो अडतोय कसा?

अनुजा_के
७५ वर हलतच नसेल तर तो प्रोसेसर नाही, तुझा मॉनिटर आहे. व्ही-सिंक चालू आहे. प्रोसेसर अडतो तेव्हा आकडा सरळ रेषेत कधीच राहत नाही, वळण घेतलं, गर्दी वाढली की तो खालीवर होतो. गेममधलं आणि ड्रायव्हरमधलं व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट बंद करून परत बघ.

४० टक्क्यांचं उत्तर: ३६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड. तो आकडा बाराही थ्रेडची सरासरी आहे. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एका थ्रेडवर असतं. तो एकटा पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचे जेमतेम ८ टक्के दिसतात. बाकीचे थ्रेड त्याची वाट बघत बसतात. म्हणून प्रोसेसरच्या एकूण वापराकडे बघूच नकोस, कार्डाच्या वापराकडे बघ.

जाता जाता टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करून स्पीड किती दिसतो तेही सांग. रॅमच्या किती काड्या आहेत?

रोहन_ठाणे
२६० ते २८० येतायत. मॉनिटर १४४ हर्ट्झचा.

अनुजा_के
मग कार्ड ठणठणीत आहे. व्हॅलोरंट कार्डासाठी हलका गेम आहे. प्रोसेसर २७० फ्रेम देतोय आणि तेवढ्या काढायला कार्डाला निम्मी ताकद पुरते. वॉरंटीत दिलंस तर तेच कार्ड परत येईल. एखादा जड गेम लावून ९५ च्या वर जातं का बघ. पुढचं वेगळ्या धाग्यात विचार, इथे गोदाकाठचं राहू दे.

गोदाकाठ
व्ही-सिंक बंद करून परत मोजलं. बाजारात ७२ ते ८४, सरासरी ७८, कार्ड ६० टक्क्यांच्या आसपास. १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा आकडा, ५४. शहराबाहेर वाळवंटात मात्र शंभराच्या पुढे.
रॅमच्या दोन काड्या, ८-८ जीबी. खोक्यावर ३२०० लिहिलंय, टास्क मॅनेजरमध्ये २४०० दिसतंय.

अनुजा_के
बायॉसमध्ये एक्सएमपी बंद आहे, ते चालू कर. झेन २ ला रॅमचा वेग चांगलाच जाणवतो, कारण ३६०० ची ३२ एमबी एल३ कॅशे १६-१६ च्या दोन भागांत वाटलेली आहे आणि डेटा आणायला त्याला सारखं रॅमकडे जावं लागतं. इथे एक रुपया न घालता काही फ्रेम मिळतील.

गोदाकाठ
केलं! तोच बाजार, तोच रस्ता, आता सरासरी ८६, लो ६१. माझा विश्वासच बसत नाहीये.
म्हणजे ४०७० सुपर टाकलं तरी बाजारात ८६ च्या वर जाणार नाही ना?

अनुजा_के
हो, साधारण तेवढंच धर. आता दुसरी बाजू. कार्डाचे रिव्ह्यू उघड आणि तुझ्या सेटिंगचा १४४० पी चा आकडा बघ. रिव्ह्यूवाले मुद्दाम सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावतात, म्हणजे तो आकडा कार्डाची मर्यादा असतो. समजा तिथे ९० लिहिलंय. तुझा प्रोसेसर ८६ देतो. मग बाजारात तू ८६ वर थांबशील. चार फ्रेमसाठी अख्खा प्लॅटफॉर्म बदला म्हणणं मला पटत नाही. आणि शहराबाहेर प्रोसेसर शंभराच्या पुढे देतोय, म्हणजे तिथे कार्डच आधी थकेल.

फक्त एक गोष्ट नीट समजून घे, कारण इथेच लोक फसतात. १४४० पी मॉनिटरवर डीएलएसएस `Quality` ला ठेवलंस तर कार्ड आतून साधारण १७०७ बाय ९६० वर चित्र काढतं आणि मग ते मोठं करतं. हे १६.४ लाख पिक्सेल झाले, तुझ्या आजच्या १०८० पी पेक्षाही कमी! म्हणजे खोक्यावर १४४० पी लिहिलं असलं तरी प्रोसेसरच्या दृष्टीने तू १०८० पी च्या खाली आलास. कार्डाची मर्यादा समजा १२० वर गेली, तरी बाजारात तुला ८६ च दिसणार. तेव्हा मित्राचं ‘१४४० पी वर संबंधच नाही’ हे डीएलएसएस बंद असतानाच थोडंफार खरं आहे. तुझ्या बाबतीत मी डीएलएसएस बंद ठेवून चित्राचा दर्जा वाढवीन, कारण बाजारात एफपीएस तेवढाच राहणार आहे.

चिपळूणचा_बाळ्या
पण ताई, ४० सीरिजला फ्रेम जनरेशन आहे की. त्याने प्रोसेसरला बगल देता येते.

अनुजा_के
बगल मिळते, पण अर्धी. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः तयार करतं, त्यासाठी प्रोसेसर लागत नाही, त्यामुळे आकडा वाढतो आणि हालचाल गुळगुळीत दिसते. पण माउस हलवल्यावर गेमने प्रतिसाद द्यायचा तो खऱ्या फ्रेमच्याच वेगाने. सायबरपंकमध्ये ८६ वरून वापरलंस तर छान वाटेल. लो ६१ आहे तिथे अडखळणं मात्र जाणवू शकतं, ते फ्रेम जनरेशनने जात नाही.

एल्डन रिंग मुळातच ६० एफपीएसला बांधलेला आहे, तिथे ६० टिकतात का एवढंच बघ. आणि व्हॅलोरंटमध्ये नवं कार्ड टाकून आकडा फारसा वाढणार नाही, ते आत्ताच प्रोसेसरवर चाललंय.

मावळतीर
नंतर कधी प्रोसेसर बदलायचाच झाला तर बोर्ड बदलू नका. बी४५० वर बायॉस अपडेट करून ५७००एक्स३डी बसतो, ९६ एमबी एल३ आहे. नवा मिळणं अवघड झालंय, पण शोधा. नाहीतर साधा ५६०० बघा. त्यातही ३२ एमबीच कॅशे आहे, पण ती एकसंध आहे, दोन भागांत नाही. फक्त तुमच्या बोर्डाच्या सपोर्ट यादीत नाव आहे का ते आधी बघा आणि जुना प्रोसेसर काढण्याआधी बायॉस टाका.

गोदाकाठ
ठरलं मग. आधी कार्ड आणि मॉनिटर, प्रोसेसर राहू दे. एकच शंका राहिली. रे ट्रेसिंग चालू करायची फार इच्छा आहे. तेव्हाही हेच ८६ धरायचे का?

अनुजा_के
नाही, ते ८६ रे ट्रेसिंगशिवायचे आहेत. रे ट्रेसिंगमध्ये हलणाऱ्या प्रत्येक वस्तूची रचना फ्रेमगणिक अद्ययावत ठेवावी लागते, त्यातलं बरंच काम प्रोसेसरवर पडतं, म्हणून ८६ खाली येणार. किती, ते १६६० सुपरवर नीट मोजता येणार नाही. नवं कार्ड आलं की रे ट्रेसिंग चालू ठेवून डीएलएसएस `Ultra Performance` कर आणि त्याच बाजारातून चाल. कार्डाचा वापर उतरला की तो नवा आकडा इथे टाक.

मावळतीर
मला वाटतं रे ट्रेसिंगला बाजारात ६० टिकणार नाहीत, ३६०० वर तर नाहीच.

चिपळूणचा_बाळ्या
गर्दी `Medium` केली की टिकतील. माझ्याकडे टिकतात.

गोदाकाठ
कार्ड पुढच्या आठवड्यात हातात येईल. गर्दी `High` आणि `Medium`, दोन्ही मोजून आकडे टाकतो.