वरच्या साहेबांनी थेट काम सांगितलं, तर आपल्या मॅनेजरला काय सांगायचं?

शिफ्ट इंजिनिअर, चाकण: प्लास्टिक मोल्डिंगमध्ये शिफ्ट सांभाळतो. काल सकाळी साडेदहाला प्लांट हेड मशीनवर आले. म्हणाले, "हा जॉब उतरव, एबीएसचा मोल्ड चढव, सहापर्यंत 2000 पीस हवेत." महिन्यात तिसऱ्यांदा झालं. संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजरनी मलाच धरलं, "प्लॅन कुणाला विचारून मोडलास?" माझं अप्रेझल मॅनेजर लिहितात, शेवटची सही प्लांट हेडची. ऐकू कुणाचं?

सुहास: प्लांट हेडचं. तुझ्या मॅनेजरचेही साहेब तेच आहेत. मोल्ड चढव आणि मोकळा हो. मॅनेजरला सांगणं त्यांचं काम. तू मधे पडलास तर दोघांत भरडला जाशील.

मीनल, प्लॅनिंग: सुहास, काम करावं इथपर्यंत बरोबर. पण गप्प राहून केलं तर तो भरडला जाणारच. आधी त्या हुकमाचा हिशेब मांडा. एबीएस किमान दोन-तीन तास साधारण 80 अंशांवर सुकवावं लागतं, नाहीतर पीसवर चंदेरी रेघा येतात. साडेदहाला ड्रायर लावला तर माल दीडला तयार. मोल्ड त्याच वेळात बदलून होतो. पहिला पीस क्यूसीकडून पास होईपर्यंत दोन. दोन कॅव्हिटी आणि 40 सेकंदांची सायकल असेल तर तासाला 180 पीस, म्हणजे सहापर्यंत जेमतेम 720. दोन हजार शक्यच नव्हते. हे प्लांट हेडच्या डोक्यात नसतं, मॅनेजरच्या डोक्यात असतं. मधला माणूस वगळला की नेमकी ही माहिती गळते.

म्हणून जागेवरच म्हणायचं, "साहेब, ड्रायर आत्ता लावतो, पण सहापर्यंत 720च होतील आणि चालू जॉब 1400 वर थांबेल. सरांना कळवून सुरू करतो." शेवटचं वाक्य परवानगी मागितल्यासारखं बोलू नका. लगेच मॅनेजरला मेसेज टाका, चालू जॉबचा मोल्ड उतरायच्या आत:

"सर, प्लांट हेडनी 10:30 ला मशीन 4 वर एबीएसचा जॉब घ्यायला सांगितलं. सहापर्यंत 720 होतील. चालू जॉबचे 1600 बाकी राहतील, त्यांचं डिस्पॅच उद्याचं आहे. ड्रायर लावलाय, मोल्ड 11 ला उतरवतो. काही बदल असेल तर त्याआधी सांगा."

तक्रारीचा सूर नको, "मी काय करू" नको. अकरापर्यंत त्यांच्या हातात अर्धा तास राहतो, तेवढ्यात ते वर फोन करू शकतात. संध्याकाळी कळलं तर त्यांच्या हातात फक्त तुमच्यावर ओरडणं उरतं.

दत्ता: मला हे पटत नाही. लेखी आल्याशिवाय मोल्डला हात लावू नये. एका माणसाला एकच साहेब, हे व्यवस्थापनशास्त्रातल्या हेन्री फेयोलनं 1916 मध्येच लिहून ठेवलंय.

मीनल, प्लॅनिंग: दत्ता, ग्राहकाची लाइन थांबायच्या बेतात असेल तर मेलची वाट कोण बघेल? लेखी आपणच करायचं, तो मेसेजच नोंद आहे. अडून बसायचं ते दोनच ठिकाणी: मशीनचं गार्ड किंवा इंटरलॉक काढून चालवायला सांगितलं तर, किंवा क्यूसी पास नसलेला माल पाठवायला सांगितला तर.

रेवा, हिंजवडी: आमच्याकडे डायरेक्टर दर तीन महिन्यांनी मॅनेजरला वगळून आमच्याशी बोलतात. तेही मॅनेजरला कळवायचं का?

अनिल, प्रॉडक्शन मॅनेजर: रेवा, तो प्रकार वेगळा. तिथे ते माहिती घेतात, काम देत नाहीत. बोललेलं सांगायची गरज नाही. तिथून एखादं काम घेऊन आलात तर मात्र सांगा.

मूळ प्रश्नाबद्दल मॅनेजरच्या बाजूनं सांगतो. राग मोल्ड बदलल्याचा नसतो. सकाळच्या मीटिंगमध्ये ज्या डिस्पॅचचा शब्द दिला, तो गेल्याचं स्टोअरवाल्याकडून कळतं, राग त्याचा असतो. तीनदा झालंय, तर शांत वेळी मॅनेजरकडे जा आणि विचारा, "पुन्हा असं आलं तर किती मिनिटांच्या बदलापर्यंत मी थेट करू आणि कशाला तुम्हाला फोन लावू?" प्लांट हेडशी बोलणं त्यांचं काम, तुमचं नाही.

शिफ्ट इंजिनिअर, चाकण: एक गोष्ट लिहिली नव्हती. काल ते जाताना म्हणाले, "त्याला आत्ता सांगू नकोस, उगाच फाटे फोडेल."

सुहास: मग विषय संपला. सांगू नकोस.

अनिल, प्रॉडक्शन मॅनेजर: मोल्ड बदल लपत नाही. शिफ्ट रिपोर्टमध्ये येतो, डाउनटाइममध्ये दिसतो. त्यांना तोंडावर सांगा, "साहेब, रिपोर्टला तर येणारच, त्यापेक्षा मी आत्ताच कळवतो."

मीनल, प्लॅनिंग: बहुतेक वेळा हेच. पण स्टॉकच्या तफावतीची चौकशी खुद्द मॅनेजरवर चालू असेल, तर गुप्तता रास्त असू शकते. अशा वेळी एचआरकडून एका ओळीचा मेल मागा.

दत्ता: आणि प्लांट हेडनी मेल द्यायला नकार दिला तर?

मीनल, प्लॅनिंग: तर ती चौकशी नाही असं मी धरेन. पण त्याच्या अप्रेझलवर सही त्यांचीच आहे, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.