करंट मिररची चूक कास्कोडने खरंच जाते का?

नवा_सोल्डर
ब्रेडबोर्डवर दोन 2N3904 घेऊन साधा मिरर केलाय, सप्लाय 12 व्होल्ट. रेफरन्स शाखेत 11k आणि 500 ओहमचा प्रीसेट, 1.00 mA ला लावलाय. आउटपुटला 1k लोड लावला की सुरुवातीला 1.12 mA दिसतं आणि मिनिटभरात चढत चढत 1.34 वर जाऊन थांबतं. 10k लावला की जवळपास 1.00. अर्ली इफेक्ट वेळेनुसार वाढतो का? आणि सगळे म्हणतात कास्कोड लावा, तर त्याने सगळी चूक जाईल का?

सरळरेषा
जाईल. मिररच्या चुका दोनच, बेस करंट आणि अर्ली इफेक्ट. वर आणखी एक जोडी रचा, आउटपुट रेझिस्टन्स मेगाओहममध्ये जातो आणि दोन्ही प्रश्न मिटतात. 1.34 म्हणजे बहुतेक ब्रेडबोर्डचा सैल संपर्क.

उलटीकडून
सैल संपर्क असता तर आकडा उड्या मारला असता, एका दिशेने शांतपणे चढला नसता. तुमच्या आकड्यात तीन वेगळ्या चुका मिसळल्यात आणि कास्कोड त्यातल्या दोन काढतो, तिसरी वाढवतो.

पहिली अर्ली इफेक्टची. 1k लोडवर साधारण व्होल्टभर पडतो, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरवर 10.8 व्होल्ट. रेफरन्सवाल्यावर मात्र 0.65. अर्ली व्होल्टेज 75 धरा, 2N3904 ला ते त्याच्या आसपास असतं:

```
(1 + 10.8/75) / (1 + 0.65/75) = 1.134
```

यातून बेस करंटचे वजा करा. बीटा 150 धरला तर 2/150, म्हणजे 1.3 टक्के. उरले 1.12. तुमचं पहिलं वाचन हेच आहे. ते सप्लाय देताक्षणी येतं आणि वेळेशी त्याचा काही संबंध नाही.

पुढची चढण उष्णतेची आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर 13 मिलिवॉट खातोय, रेफरन्सवाला एक मिलिवॉटसुद्धा नाही. टीओ-92 मध्ये मिलिवॉटमागे 0.2 अंश धरा, म्हणजे दोघांत अडीच अंशांचा फरक. अंशाला 2 मिलिव्होल्ट या हिशेबाने बेस-एमिटर व्होल्टेज 5 मिलिव्होल्टने हलतं आणि तेवढ्यात करंट 20 टक्के वाढतो. 1.12 गुणिले 1.2 म्हणजे 1.34. खात्री करायची तर दोन ट्रान्झिस्टरांच्या सपाट बाजू एकमेकांना चिकटवून वर क्लिप लावा, चढण बरीच कमी होईल. नुसतं बोटांत धरलंत तर बोटाची ऊबही मोजली जाते, हे लक्षात असू द्या.

आता कास्कोड. खालच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज 0.65 ला बांधलं जातं, त्यामुळे अर्ली इफेक्टचा फरक आणि तापणं, दोन्ही वरच्या ट्रान्झिस्टरकडे जातात. वरचा तापून त्याचं बेस-एमिटर 5 मिलिव्होल्टने सरकलं तरी खालच्यावरचं व्होल्टेज तेवढंच सरकतं, आणि 75 पुढे 5 मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही. पण बेस करंट मोजा: रेफरन्समधून आता दोनाऐवजी तीन बेसना करंट जातो, आणि वरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर ते कलेक्टर वाटेत चौथा गळतो. चूक 2/β वरून 4/β, म्हणजे 2.7 टक्के. आउटपुट रेझिस्टन्स मोठा असणं वेगळं आणि आकडा बरोबर असणं वेगळं.

सरळरेषा
तीन आणि एक हे मान्य, मी मोजलं नव्हतं. पण 2.7 टक्के स्थिर असतील तर प्रीसेट फिरवून भरून काढता येतात. चढउतार गेला हे महत्त्वाचं.

उलटीकडून
तो ट्रान्झिस्टर बदलेपर्यंत. शिवाय बीटा तापमानासोबत वाढतो. एका नगासाठी चालेल, पन्नास नगांत प्रत्येकाचा प्रीसेट वेगळा लागेल. चारच ट्रान्झिस्टर लावायचे असतील तर विल्सन करा. चूक 2/β² वर येते, शेकड्याला 0.01. तीन ट्रान्झिस्टरांच्या विल्सनमध्ये खालच्या दोघांवरच्या व्होल्टेजमध्ये 0.65 चा फरक राहतो, म्हणून चौथा हवाच.

दोन_मायक्रॉन
आमच्याकडे सगळं मॉसफेट, गेटला करंटच नाही, त्यामुळे वरचा वाद आम्हाला लागूच होत नाही. 20 मायक्रोअँपचा मिरर, लॅम्डा 0.1, गेट-सोर्स 0.7, आउटपुट 1.5 व्होल्टवर. चॅनेल-लेंग्थ मॉड्युलेशनने 7.5 टक्के जास्त येत होतं. कास्कोडनंतर सिम्युलेशनमध्ये एका व्होल्टला 0.1 टक्का. चिप परत आल्यावर मात्र नगानगात 5 टक्क्यांचा फरक. मॉडेल चुकलं असावं.

उलटीकडून
मॉडेल नव्हे, मिसमॅच. तुमचा ओव्हरड्राइव्ह 0.2 असेल तर थ्रेशोल्डमधला 5 मिलिव्होल्टचा फरक करंटमध्ये दुप्पट होऊन येतो: 2 × 5/200, म्हणजे 5 टक्के. कास्कोडला तो दिसतही नाही, कारण तो खालच्या जोडीत जन्मतो. वरच्या जोडीतला मिसमॅच मात्र जवळपास फुकट माफ होतो. म्हणून क्षेत्रफळ खाली खर्च करा, वरचे लहान ठेवा. एका नॉमिनल रनमध्ये हे दिसत नाही, मॉन्टे कार्लो चालवावा लागतो.

आणि हेडरूम? साधा रचलेला कास्कोड आउटपुटला थ्रेशोल्ड अधिक दोन ओव्हरड्राइव्ह मागतो, 0.5 आणि 0.4 मिळून 0.9 व्होल्ट. 1.8 च्या सप्लायमध्ये अर्धा गेला. वाइड-स्विंगमध्ये 0.4 पुरतात. त्याच करंटवर चौथाई W/L चा डायोड लावला की कास्कोडच्या गेटला हवे ते 0.9 मिळतात. पण अगदी चौथाई घेऊ नका, बॉडी इफेक्टमुळे खालचा ट्रान्झिस्टर ट्रायोडमध्ये घसरतो आणि मग आउटपुट रेझिस्टन्स कोसळतो. पाचवा-सहावा भाग घ्या.

दोन_मायक्रॉन
मग कास्कोड हवाच कशाला? L चौपट, W चौपट केली की लॅम्डा ढोबळपणे चौथाई होतो, 7.5 टक्क्यांचे 2 होतात. क्षेत्रफळ सोळापट म्हणजे मिसमॅचही चौथाई. हेडरूम 0.2 च.

बायस_पॉइंट
गेट कपॅसिटन्सही सोळापट, ते विसरलात. संथ बायसला ठीक, स्विच होणाऱ्या करंट सोर्सला नाही. आणि 2 टक्के म्हणजे 0.1 नव्हे.

मूळ प्रश्नाबाबत: तिथे कास्कोड आणि विल्सन दोन्ही जास्त होतात. दोन्ही एमिटरखाली 470 ओहम, 1 टक्क्याचे, लावा. त्यावर 0.47 व्होल्ट पडतो, त्यामुळे 5 मिलिव्होल्टची उष्णतेची चूक 20 वरून टक्क्याच्या आसपास येते. आउटपुट रेझिस्टन्स 75k वरून मेगाओहमच्या वर जातो. खर्च फक्त दोन रेझिस्टर.

उलटीकडून
बेस करंटचे 1.3 टक्के तसेच राहतात, आणि रेझिस्टरांचा स्वतःचा टक्का-दोन टक्के वर. पण ब्रेडबोर्डवर मीही बहुधा हेच लावीन.

नवा_सोल्डर
470 वाचायच्या आधीच चार ट्रान्झिस्टरांचा कास्कोड लावून पाहिला. 1k वर आणि 10k वर दोन्हीकडे 0.92, मिनिटभरानंतरही 0.92. स्थिर आहे पण तुमच्या 2.7 टक्क्यांपेक्षा खूप कमी. बीटा इतका वाईट असेल का?

उलटीकडून
प्रीसेट हलवला नाहीत ना? रेफरन्स शाखेत आता एकाऐवजी दोन बेस-एमिटर पडतात. 11.35k वर 11.35 ऐवजी 10.7 व्होल्ट उरले, म्हणजे रेफरन्सच 0.943. त्यातून 2.7 टक्के काढा, 0.918. 11k काढून 10k घाला, प्रीसेट 1k चा घ्या आणि मीटर पुन्हा रेफरन्स शाखेत लावून 1.00 करा. मग आउटपुटला 0.97 च्या आसपास दिसलं तर बीटा 150 च्या जवळ आहे.