५,००० फॉलोअर्सचं कॅप्शन: नुसते आभार की शेअरही मागायचं?

भाजणीवाली, कर्वेनगर: घरगुती भाजणीच्या माझ्या इन्स्टा पेजवर ५,००० होत आलेत. कॅप्शन लिहिलंय: ‘आज आपण ५,००० झालो! हे फक्त तुमच्यामुळे. पोस्ट शेअर करा, ३ मैत्रिणींना टॅग करा, आता लक्ष्य १०,०००!’ वाचताना मलाच हात पसरल्यासारखं वाटतंय. काय बदलू?

सदाशिव पेठ: शेअर, टॅग लिहू नका. पेजच बंद करतात.

पेजेस सांभाळणारा, औंध: बंद नाही करत हो. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने सांगितलं, की लाइक-शेअर-टॅग उकळणाऱ्या पोस्ट कमी लोकांना दाखवू. मनापासून मदत किंवा सल्ला मागणाऱ्या पोस्टना त्यातून वगळलंही होतं.

ताई, माझा आक्षेप वेगळा आहे. आभार मानून पुढच्याच वाक्यात काम सांगितलं, की आभार पोकळ होतात. शिवाय इन्स्टावर ‘आणखी’ दाबण्याआधी जेमतेम सव्वाशे अक्षरं दिसतात, ती तुम्ही आकड्यावर घालवलीत. पहिली गिऱ्हाईक कोण होती? कुणी तक्रार केली होती का?

भाजणीवाली, कर्वेनगर: पहिली अर्धा किलो शेजारच्या काकूंनी नेली. एकदा धणे जास्त भाजले गेले, भाजणी कडवट झाली. तिघींनी फोन करून सांगितलं, आणि पुढच्या वेळी पुन्हा घेतली.

पेजेस सांभाळणारा, औंध: मग हेच लिहा की!

‘पहिली अर्धा किलो भाजणी शेजारच्या काकूंनी नेली, आजही नेतात. मध्ये एकदा धणे करपले. तिघींनी फोन करून सांगितलं आणि पुन्हा ऑर्डरही दिली. तेव्हापासून धणे मी वेगळे, मंद आचेवर भाजते. आज इथे ५,००० जण आहात. मनापासून आभार. उपासाची भाजणी शनिवारी तयार होईल.’

‘५,००० ग्राहक’ मात्र म्हणू नका, बघणारे सगळे घेणारे नसतात. आणि आकडा गाठला त्याच मिनिटाला टाकू नका. खोटी खाती गळली की ४,९९० दिसतात आणि पोस्ट उघडी पडते. वीस-पंचवीस वर जाऊ द्या.

पार्लरवाली, हडपसर: मी १०,००० ला फेशियल फुकट ठेवलं होतं, टॅग करणाऱ्यांमधून सोडत काढून. आठवड्यात ६०० वाढले, निकाल लागल्यावर बरेचसे गेले. त्यांत नाशिक-नागपूरच्याच जास्त, त्या हडपसरला कशाला येणार?

सदाशिव पेठ: पण मागितल्याशिवाय कळणार कसं? दुकानदार ‘पाहुण्यांनाही सांगा’ म्हणतोच ना. त्यात कसली लाज?

पेजेस सांभाळणारा, औंध: जरूर सांगावं, पण दुसऱ्या दिवशी, भाजणीच्या पोस्टवर. आभाराच्या पोस्टवर नको.

सदाशिव पेठ: आभाराची पोस्ट जास्त जण बघतात, म्हणून तिथेच. मला नाही पटत.

भाजणीवाली, कर्वेनगर: टॅगची ओळ काढली. काकूंना विचारून त्यांच्या डब्याचा फोटो लावते. शेअरचं अजून ठरत नाहीये.