मदत हवी आहे: बीजोत्पादनाचा करारनामा सहीसाठी पाठवायचाय, सोबतचं पत्र कसं असावं?

सोयापट्टा: नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कागदपत्रांचं काम माझ्याकडे आहे. खरिपात सोयाबीन बीजोत्पादनासाठी सभासदांना करारनामा द्यायचाय. सात पानं आहेत, पूर्ण कोणी वाचत नाही, म्हणून वर मुख्य अटींचं एक पान जोडतो.

मागच्या हंगामात त्याच पानानं भांडण लावलं. त्यात लिहिलं होतं, "बाजारभावापेक्षा २० टक्के जास्त". करारात मात्र ही वाढ चाळणी होऊन उगवण चाचणीत पास झालेल्या मालावरच होती. एका सभासदाचा १४ क्विंटल माल चाळणीनंतर साडेअकरा भरला. भाव ४,२०० धरला तर वाढ क्विंटलमागे ८४० रुपये. तो १४ क्विंटलचे ११,७६० मागतो, कंपनी ९,६६० देते. २,१०० रुपयांवरून आमसभा तापली. शिवाय पत्रात "लवकरात लवकर परत करावे" एवढंच होतं. काहींचे करार पेरणी उरकल्यावर आले.

यंदा पत्र कसं लिहू?

संत्रावाला_वरुड: सही करूच नका भाऊ. आमचा बगीचा व्यापाऱ्यानं असाच कागद करून घेतला, अन् भाव पडल्यावर माल झाडावरच सोडून गेला. इसार तेवढा हातात राहिला.

सोयापट्टा: दादा, सही आम्हाला करायची नाही, करून घ्यायची आहे.

संत्रावाला_वरुड: मंग तं व्यापारी तुम्हीच झाले! शेतकऱ्याले माल नापास झाल्यावर काय भेटते, ते पयले लिहा. बाकी कोणी वाचत नाही.

टेबलाखालून: सोपं आहे. शेवटी एक ओळ टाका, "सारांश व करारात फरक असल्यास करार ग्राह्य". आणि "१० दिवसांत न कळवल्यास मान्य समजू". काम खतम.

तालुका_वकील: पहिली ओळ ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. सारांशच दिशाभूल करणारा असेल तर समोरचा म्हणेल की मी त्यावर विसंबून सही केली, आणि मग करारच रद्द करून मागता येतो. दुसरी ओळ काढाच. गप्प बसणं म्हणजे होकार, असं आपण दुसऱ्यावर लादू शकत नाही. उलट बाजूनं मात्र लिहिता येतं: अमुक तारखेपर्यंत सही आली नाही तर आमचा प्रस्ताव संपला. करार कायद्यात हे १८७२ पासून आहे.

सारांशात प्रत्येक अटीपुढे कलम क्रमांक टाका आणि आकडा करारातलाच, त्याच शब्दांत उतरवा. तुमच्या बाबतीत असं काहीतरी:

"भाव (कलम ६): चाळणीनंतर पास झालेल्या वजनावर बाजारभाव अधिक २० टक्के. चाळणीखालचा माल साध्या बाजारभावानं किंवा तुम्ही परत न्यावा.
नापास (कलम ८): उगवण ७० टक्क्यांच्या खाली गेल्यास पूर्ण लॉट साध्या बाजारभावानं, वाढ नाही.
परत करायची मुदत: ५ जून, सायंकाळी ५ पर्यंत, कंपनीच्या गोदामात. दोन्ही प्रती, प्रत्येक पानावर सही. मुदतीनंतर पायाभूत बियाणं राखून ठेवलं जाणार नाही."

त्याखाली तुमचं १४ क्विंटलचं उदाहरण आकड्यांसह छापा, नाव न घेता. त्यानं जे कळेल ते कलम वाचून कळणार नाही. आणि कोणी एखादी अट खोडून सही केली, तर ती सही आली असं धरू नका. तो त्याचा नवा प्रस्ताव आहे, त्याला कंपनीनं वेगळं उत्तर द्यावं लागतं.

पारावरचा: तारीख आठवडी बाजाराच्या दिवसाची घ्या, गडी तसाही गावात येतो. अन् मृगाच्या तोंडावर ठेवू नका, तेव्हा कोणी कागदाले हात लावत नाही. आणखी एक, सातबारा बापाच्या नावावर अन् सही पोराची, असे कागद येतेच. सही कोणाची पाहिजे ते पत्रातच नाव टाकून लिहा.

तालुका_वकील: बरोबर. पोराला सही करायची असेल तर बापाचं कुलमुखत्यारपत्र लागेल. अंगठा असेल तर करार वाचून दाखवल्याची नोंद आणि दोन साक्षीदार घ्या.

टेबलाखालून: १०० च्या स्टॅम्पवर करा, झालं.

पारावरचा: १०० चा जमाना गेला बावा. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाले.

सोयापट्टा: कलम क्रमांक आणि उदाहरण दोन्ही घेतो. ५ जूनला आमच्याकडे बाजार नाही, त्याच्या आदल्या बाजाराची तारीख टाकतो. पण सारांश लिहायला बसलो तर कलम ६ मध्येच घोळ दिसतोय: "बाजारभाव" म्हणजे कोणत्या यार्डाचा, कोणत्या दिवसाचा, ते करारातही नाही. दारव्हा की यवतमाळ?

संत्रावाला_वरुड: ज्याचा जास्त तो.

तालुका_वकील: यार्ड संचालक मंडळानं ठरवावं. एका दिवसाचा भाव घेऊ नका, महिन्याची सरासरी घ्या. पण ते आधी करारात दुरुस्त करा, मग सारांशात. नुसतं सारांशात लिहिलंत तर मागच्या वर्षीचंच भांडण उलट बाजूनं येईल.

सोयापट्टा: मंडळाची बैठक लावतो. यार्डावरून तिथं एकमत होईल असं वाटत नाही.