वार बुधवार मागा, आणि कुलपाचं लिहा

«विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात नोकरदारांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ भजन सुरू करायचंय. समितीला पत्र कसं लिहू?»

आमच्या पत्राला पहिल्यांदा नकार आला, कारण आम्ही नुसतं ‘संध्याकाळी भजनास परवानगी द्यावी’ एवढंच लिहिलं होतं. समितीची खरी अडचण भजनाची नव्हती. मंडप उशिरापर्यंत उघडा ठेवायला थांबणार कोण, ही होती.

दुसऱ्या पत्रात वार बुधवार मागितला. मंगळवारी गणपतीची, गुरुवारी दत्ताची आरती असते, तेव्हा मंडप रिकामा मिळत नाही. वेळ सव्वाआठ ते साडेनऊ. सातला सुरू केलं की लोकलने येणारे निम्मे लोक गौळणीलाच पोचतात, आणि ज्यांच्यासाठी मागितलं तेच सुरुवातीच्या रूपाच्या अभंगाला नसतात. साडेनऊला भैरवी झाली की शेजारतीआधी मंडप झाडून मोकळा होतो. ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर बंदी आहेच, पण आम्ही तो मुळातच नको असं लिहिलं. पखवाज, पेटी आणि टाळांना बंद मंडपात त्याची गरजही पडत नाही.

मग कुलूप. जवळ राहणाऱ्या दोघांची नावं आणि फोन पत्रात दिले: एक किल्ली घेणार, दुसरा तो नसेल तेव्हा. एकादशी किंवा उत्सव बुधवारी आला तर आमचं भजन आपोआप रद्द, हेही आधीच लिहिलं. कायमची परवानगी मागू नका, तीन महिन्यांची मागा. समितीला ‘हो’ म्हणणं त्यामुळे फार सोपं जातं.