लीडरबोर्डवर बरोबरी झाली तर: स्कोअरमध्ये वेळ मिसळायची की एकच क्रमांक द्यायचा?

रिकामी_रांग:
गेममध्ये साधारण आठ लाख खेळाडू आहेत. रेडिसच्या सॉर्टेड सेटमधून प्रत्येकाला त्याचा क्रमांक, वरचे पाच आणि खालचे पाच जण दाखवायचे आहेत. आधी `ZREVRANK`, मग त्यात पाच वजा-अधिक करून `ZRANGE`. बाकी सगळ्यांना बरोबर दिसतं, पण पहिल्या पाच जणांना यादीच रिकामी येते. दुसरं म्हणजे सारख्या स्कोअरवाल्यांचा क्रम विचित्र लागतो. टीममधला एक जण म्हणतो स्कोअरमध्येच वेळ घुसवू, मला ते पटत नाही. तुमचं मत?

घाईत_आहे:
टॉप टेनसाठी `ZRANGE lb 0 9 REV WITHSCORES`. विषय संपला.

रिकामी_रांग:
टॉप टेन चालतंय हो. शेजारी हवेत, शेजारी.

तळघर:
रिकाम्या यादीचं आधी मिटवू. रँक शून्यापासून मोजली जाते. तिसऱ्या खेळाडूची रँक 2, त्यातून पाच गेले की -3, म्हणजे तुम्ही -3 ते 7 मागताय. रेडिसच्या लेखी -3 म्हणजे शेवटून तिसरा. आठ लाखांच्या सेटमध्ये तो 7,99,997 वर बसलाय. सुरुवात शेवटाच्या पुढे गेली, म्हणून एररही नाही आणि यादीही नाही. सहा जणांच्या टेस्ट डेटावर हेच केलं तर -3 म्हणजे 3 होतो, शेवटचे तीन जण मिळतात आणि त्यात खेळाडू स्वतःच नसतो. यादी भरलेली दिसते म्हणून टेस्ट पास होते, हे जास्त वाईट.

```lua
local r = redis.call('ZREVRANK', KEYS[1], ARGV[1])
if not r then return nil end
local s = math.max(0, r - 5)
return {s, redis.call('ZRANGE', KEYS[1], s, r + 5,
        'REV', 'WITHSCORES')}
```

`EVAL`ने चालवा. दोन वेगळ्या कॉलच्या मधे कोणी वर सरकलं तर खेळाडू यादीच्या मध्यावर राहत नाही, स्क्रिप्टमध्ये ती फट राहत नाही. `s` मुद्दाम परत पाठवलाय, खाली लागेल. `ZRANGE`मधलं `REV` 6.2 पासून आहे, त्याआधीच्या आवृत्तीवर `ZREVRANGE` वापरा.

सरळ_रेघ:
बरोबरीत काळजी कसली? ज्याचा स्कोअर आधी नोंदला गेला तो वर राहतो, सेट आपोआप क्रम सांभाळतो.

तळघर:
क्रम सांभाळतो, पण वेळेचा नाही. स्कोअर सारखा असला की सदस्याच्या नावाचे बाइट्स बघतो, आणि उलट्या बाजूने वाचताना तोही क्रम उलटा होतो. `p:1007` आणि `p:2214` दोघेही 48,250 वर असतील तर `ZREVRANK` `p:2214`ला वर ठेवणार, तो दोन दिवस उशिरा आला असला तरी. आयडी सारख्याच अंकांचे आणि वाढत्या क्रमाने देत असाल तर बरोबरीत कायम नवे खेळाडू जिंकतील.

सरळ_रेघ:
अरेच्चा. मग वेळ मिसळाच. स्कोअर गुणिले दहाचा दहावा घात, अधिक उलटा टाइमस्टॅम्प. आमच्याकडे मस्त चालतं.

कोरी_पाटी:
तुमच्याकडे स्कोअर लहान असतील म्हणून चालतं. सॉर्टेड सेटचा स्कोअर 64 बिटांचा डबल असतो, पूर्णांक खात्रीने अचूक राहतात ते 9,00,71,99,25,47,40,992 पर्यंतच. पूर्ण युनिक्स वेळेसाठी दहा अंक दिले की खऱ्या स्कोअरला नऊ लाखांच्या आसपासची मर्यादा येते. बारा लाख स्कोअरवाला खेळाडू आला की त्या टापूत डबल दोन-दोनच्या उड्या मारतो. एका सेकंदाच्या फरकाने आलेले दोघे मग एकाच आकड्यावर बसू शकतात आणि निकाल पुन्हा नावावर जातो. मिलिसेकंद घेतलेत तर खऱ्या स्कोअरला जेमतेम नऊशे उरतात.

सरळ_रेघ:
मग सीझन संपायला उरलेले सेकंद घ्या ना. नव्वद दिवसांचे 77,76,000 होतात, सात अंकांत बसतात. स्कोअरला नव्वद कोटींपर्यंत जागा मिळते.

कोरी_पाटी:
हे मान्य, हे नीट आहे. पण माझा मूळ आक्षेप वेगळा. गुण साठत जाणारा गेम असेल तर `ZINCRBY` हातातून गेलं. पन्नास गुण वाढवायचे म्हणून पन्नास गुणिले एक कोटी मिळवलेत तरी शेपटीला जुनी वेळच राहते. आधी वाचा, सोडवा, जोडा, परत लिहा, आणि हे सगळं पुन्हा स्क्रिप्टमध्ये. सर्वोत्तम स्कोअरचा गेम असेल तर मात्र `ZADD` सोबत `GT` दिलं की झालं, उशिरा केलेला तेवढाच स्कोअर आकड्याने लहान पडतो आणि जुनाच टिकतो.

माझं मत: सारखे गुण, सारखा क्रमांक. दोघे तिसरे, पुढचा पाचवा.

```
ZCOUNT lb (48250 +inf
```

यात एक मिळवा, हा क्रमांक. कंस लावल्यामुळे 48,250 वाले स्वतः मोजले जात नाहीत.

सरळ_रेघ:
मग अकरा शेजाऱ्यांसाठी अकरा `ZCOUNT`?

तळघर:
नाही. यादीतल्या पहिल्यासाठी एकच. पुढे उतरताना स्कोअर वरच्याइतकाच असेल तर क्रमांकही तोच, बदलला तर त्या खेळाडूची यादीतली जागा अधिक `s` अधिक एक. जागा शून्यापासून मोजायची. `s` त्यासाठीच हवा होता. `ZCOUNT`ही स्क्रिप्टमध्येच टाका, नाहीतर पहिल्याचा क्रमांक एका क्षणाचा आणि बाकीच्यांचा दुसऱ्या.

टेबलवाला:
एवढा खटाटोप कशाला? डेटाबेसात स्कोअरवर इंडेक्स लावा, माझ्यापेक्षा जास्त स्कोअर किती हे मोजा, एक मिळवा. आमच्या ऑफिसातल्या क्विझला हेच आहे, दोनेक हजार लोक, कधी तक्रार नाही.

तळघर:
दोन हजारांना मीही तेच करेन. पण चार लाखाव्या खेळाडूचा क्रमांक काढताना साधा इंडेक्स चार लाख नोंदी चालत जातो, दर वेळी. सॉर्टेड सेटच्या आत स्किप लिस्ट असते. प्रत्येक लांब उडीवर आपण किती जण ओलांडले हे लिहिलेलं असतं, त्यामुळे थोड्याच पावलांत बेरीज होते. आणि खालच्या क्रमांकाचेच लोक संख्येने जास्त असतात, हे विसरू नका.

टेबलवाला:
ठीक. पण स्कोअरची खरी नोंद डेटाबेसातच ठेवा. रेडिसमधला सेट उडाला तर पुन्हा भरता आला पाहिजे.

तळघर:
त्यावर वाद नाही.

रिकामी_रांग:
`math.max`ने पहिले पाच जण दिसायला लागले. आमचे गुण साठत जातात, त्यामुळे सध्या सारखा क्रमांक. पण सीझनच्या सुरुवातीला लाखभर लोक शून्यावर असतात. सगळ्यांचा क्रमांक एकच आणि शेजारी आयडीच्या क्रमाने.

कोरी_पाटी:
शून्यवाल्यांना सेटमध्ये घालताच कशाला? पहिला गुण मिळाला की `ZINCRBY` स्वतःच सदस्य तयार करतं. तोवर स्क्रिप्ट `nil` देते, तिथे 'अजून क्रमांक नाही' दाखवा.

सरळ_रेघ:
आणि पहिल्या मॅचनंतर पन्नास हजार लोक दहा गुणांवर आले की? तिथे तुमचा सारखा क्रमांक दाखवून खेळाडूला काय कळणार? वेळ मिसळली असती तर निदान रोज एखादी जागा वर गेल्याचं तरी दिसलं असतं.

कोरी_पाटी:
वेळेने कोणी वर जात नाही, गुण मिळवले तरच जातो. बरोबरीत आधी आला म्हणून वर, हा नियम तुमच्या गेमच्या नियमावलीत लिहिलाय का ते आधी बघा. लिहिला नसेल तर तो रेडिसमध्ये ठरवायचा नाही.

सरळ_रेघ:
नियमावली वाचतं कोण? स्क्रीनवर दोन जण 'तिसरा' दिसले की दुसऱ्या मिनिटाला तक्रार येते.